दर वेळी पाजलं की बाळ पिचकारीसारखं ओकतंय? गुळणी कोणती आणि पायलोरिक स्टेनोसिस कोणता, हे टप्प्याटप्प्याने कसं ओळखायचं

महिन्या-दीड महिन्याची बाळं आमच्या बालरुग्ण वॉर्डात येतात तेव्हा सोबतची गोष्ट बहुतेक सारखीच असते. उलटी सुरू होऊन दहा-बारा दिवस झालेले असतात. मधल्या काळात पावडरचा डबा दोनदा बदललेला असतो, ग्राइप वॉटर देऊन झालेलं असतं, बाळाची दृष्ट काढून झालेली असते आणि आईचं वरण-भात सोडून बाकीचं जेवण बंद केलेलं असतं. बाळ मात्र जन्माच्या वजनाच्या आसपास परत आलेलं असतं. कुणी हयगय केली म्हणून असं होत नाही. चुकीच्या गोष्टीकडे लक्ष दिलं जातं म्हणून होतं. सगळे उलटी किती लांब उडाली ते बघतात. लंगोट किती ओले झाले आणि काट्यावर काय दिसतंय, ते कुणी बघत नाही.

इथे मी एकाच आजाराबद्दल लिहिते आहे. जठराच्या खालच्या तोंडाला, जिथून दूध आतड्यात उतरतं, पायलोरस म्हणतात. काही बाळांमध्ये जन्मानंतरच्या आठवड्यांत तिथला स्नायू जाड होत जातो आणि वाट अरुंद होत जाते. दूध पुढे सरकत नाही. जठर ते पुढे ढकलायला जोर लावतं आणि शेवटी सगळं तोंडावाटे बाहेर फेकतं. हाच पायलोरिक स्टेनोसिस. बहुतेक वेळा तो ३ ते ६ आठवड्यांच्या बाळात दिसायला लागतो आणि ३ महिन्यांनंतर क्वचितच सुरू होतो. मुलींपेक्षा मुलग्यांत तो साधारण चार-पाच पट जास्त आढळतो.

## टप्पा १ : सगळ्यात आधी रंग बघा

जोर, प्रमाण, वेळ हे सगळं नंतर. बाळ ओकलं की पहिली नजर पांढऱ्या दुपट्यावरच्या रंगावर टाका.

दुधाचा रंग, किंवा दही विरजल्यासारख्या गुठळ्या आणि आंबूस वास, असं असेल तर दूध जठरापर्यंत जाऊन परत आलं आहे. पायलोरिक स्टेनोसिसची उलटी अशीच असते. अडथळा जठराच्या तोंडाशीच असल्यामुळे त्याच्या पुढे मिसळणारं पित्त वर येऊच शकत नाही.

धोका : उलटी हिरवी असेल, पालकाच्या रसासारखी किंवा शेवाळी, तर हा लेख बाजूला ठेवा आणि निघा. त्या वेळी अडथळा जठराच्या पुढे, आतड्यात असण्याची शक्यता असते. आतड्याला पीळ पडला असेल तर त्याचा रक्तपुरवठा काही तासांतच तुटू शकतो. तोंडावाटे काही देऊ नका आणि लहान मुलांची शस्त्रक्रिया जिथे होते तिथेच न्या. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

तपकिरी ठिपके किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसले तर सतत ओकून जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरातून थोडं रक्त आलेलं असू शकतं. आईच्या स्तनाग्राला चीर असेल तर बाळाने गिळलेलं तिचंच रक्तही तसं दिसतं. कारण कोणतंही वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ताप, मलूलपणा, रडण्यातला बारीक कण्हता सूर, टाळू फुगलेली किंवा पोट फुगून कडक झालेलं, यांपैकी काहीही उलटीसोबत असेल तरी पुढच्या टप्प्यांसाठी थांबू नका.

## टप्पा २ : गुळणी आहे की उलटी, हे नीट पाहा

गुळणी म्हणजे पोट भरल्यावर ओठांच्या कडेने ओघळलेलं दूध. ढेकर काढताना, बाळाला उचलताना, लंगोट बदलताना पाय वर केले की ते येतं. बाळाला त्याचं काहीच वाटत नाही. ते तसंच हात-पाय हलवत राहतं, कधी हसतंही. बरीच बाळं दिवसातून कित्येकदा गुळणी काढतात. पहिल्या काही महिन्यांत ती वाढते, चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बाळ बसायला लागलं की कमी होत जाते.

प्रमाणाचा अंदाज घेताना घरोघरी फसगत होते. एकदा हे करून बघा. चहाचा एक चमचा भरून पाणी, म्हणजे साधारण ५ मिली, कोरड्या सुती दुपट्यावर ओता. डाग पसरत जाईल आणि तळहाताएवढा दिसेल. मग दोन चमचे ओता. "प्यायलेलं सगळंच्या सगळं बाहेर आलं" असं जे वाटतं ते पुष्कळदा एवढंच असतं.

पिचकारीची उलटी वेगळी दिसते. बाळ पिऊन झाल्यावर थोडा वेळ शांत असतं. मग कसंनुसं तोंड करतं, पोट आवळतं आणि दूध एका झटक्यात तोंडातून, कधी नाकातूनही, पुढे फेकलं जातं. ते बाळाच्या अंगावर ओघळत नाही, समोर जाऊन पडतं. मांडीवर आडव्या धरलेल्या बाळाची उलटी आजीच्या पदरावर न पडता पलीकडच्या चटईवर पडली, असं कुणी सांगितलं की मी लगेच पुढचे प्रश्न विचारायला घेते.

पण इथेच थांबू नका. एखाद-दुसरी पिचकारी निरोगी बाळालाही होते. बाटलीतून जास्त पाजलं, दुधाला जोर असल्यामुळे बाळाने घाईघाईने घोट घेतले किंवा ढेकर न काढताच आडवं केलं, तरी होते. एका उलटीवरून काहीच ठरत नाही. ती पुन्हा पुन्हा कशी होत जाते, त्यावरून ठरतं.

## टप्पा ३ : चोवीस तासांची नोंद

वही घ्या किंवा मोबाइलमध्ये लिहा. एका दिवसाची नोंद पुरते. त्याहून जास्त दिवस लिहीत बसू नका. चारच रकाने हवेत.

1. पाजल्याची वेळ आणि प्रमाण. अंगावर पाजत असाल तर किती मिनिटं प्यालं. बाटली असेल तर किती मिली. वरच्या दुधाचा ढोबळ हिशेब दर किलो वजनाला दिवसाला १५० मिली असा आहे. साडेतीन किलोच्या बाळाला दिवसाला सव्वापाचशे मिली, आठ वेळा पाजलं तर एका वेळी ६५ मिलीच्या आसपास. तुम्ही एका वेळी १२० मिली देत असाल तर आधी प्रमाण कमी करून बघा. पण या प्रयोगाला एकच दिवस द्या.

2. उलटी. पाजल्यानंतर किती वेळाने झाली, ओघळली की फेकली गेली, रंग काय होता. पायलोरिक स्टेनोसिसमध्ये सुरुवातीला एखाद-दुसऱ्या पाजण्यानंतर उलटी होते, मग निम्म्या वेळा आणि शेवटी जवळजवळ प्रत्येक वेळी. काही दिवसांत असं वाढत जाणं ही या आजाराची चाल आहे. गुळणी अशी पायऱ्या चढत नाही.

3. उलटीनंतर बाळ काय करतं. हा रकाना कुणी लिहीत नाही, आणि डॉक्टरांना तो फार हवा असतो. पायलोरिक स्टेनोसिसचं बाळ ओकलं की पुन्हा भुकेलं असतं. मुठी चोखतं, मान वळवून स्तन शोधतं आणि लगेच पाजलं तर अधाशासारखं पितं. जंतुसंसर्ग झालेलं बाळ सहसा दूध नको म्हणतं. दिवस जातील तसं पायलोरिक स्टेनोसिसचं बाळही थकतं आणि मागणं सोडतं. त्याला "आता शांत झालं" समजू नका.

4. लंगोट. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले व्हायला हवेत. डायपर वापरत असाल तर अंदाज येत नाही, म्हणून नोंदीच्या दिवशी सुती लंगोट घाला. शी कमी होणं किंवा दोन-दोन दिवस न होणं हेही लिहा, कारण दूध खाली उतरलंच नाही तर शी कुठून होणार? इथे घरचे बद्धकोष्ठ समजून घुटी उगाळतात आणि आणखी दोन दिवस जातात.

तपासणी : सहा-आठ तासांत एकही लंगोट ओला नाही, तोंड आतून कोरडं आहे, टाळू खोल गेली आहे किंवा रडताना आवाज क्षीण झाला आहे, तर नोंद अर्धी सोडून बाळाला लगेच दाखवा.

## टप्पा ४ : वजन, एकाच काट्यावर

गुळणी काढणाऱ्या बाळाचं वजन वाढत राहतं, आणि पायलोरिक स्टेनोसिसच्या बाळाचं आधी थांबतं, मग उतरतं. घरच्यांना स्वतःला तपासता येईल असा याहून भक्कम फरक नाही.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत थोडं वजन उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढ अपेक्षित असते. काटा कुठलाही चालेल, पण दर वेळी तोच हवा. दवाखान्यातला एक, अंगणवाडीतला दुसरा आणि औषधाच्या दुकानातला तिसरा असं केलं तर काट्या-काट्यांतला फरकच बाळाच्या वाढीएवढा निघतो. कपडे आणि लंगोट काढून, पाजण्याच्या आधी वजन करा. मोठ्यांच्या काट्यावर बाळाला घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत इथे निरुपयोगी आहे, कारण तो काटा शंभर-शंभर ग्रॅमनी पुढे जातो. आशाताई घरभेटीला येते तेव्हा वजन करते. तिने केलेली जुनी नोंद असेल तर ती आजच्या वजनाशी ताडून बघा.

एका बाळाचे आकडे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पहिलाच मुलगा, जन्माचं वजन ३ किलो. पंधराव्या दिवशी ३ किलो १०० ग्रॅम. बाविसाव्या दिवशी पहिली जोराची उलटी. चोविसाव्या दिवशी वजन ३ किलो ३५०, म्हणजे छान वाढलेलं, म्हणून सगळे निर्धास्त झाले. सत्ताविसाव्या दिवसापासून निम्म्या वेळा उलटी. एकतिसाव्या दिवशी वजन ३ किलो ४२०. घरच्यांना वाटलं, वाढलंच की! पण सात दिवसांत फक्त ७० ग्रॅम वाढलं होतं, निदान १५० ग्रॅम वाढायला हवं होतं. सूचना तिथेच मिळाली होती. त्यानंतर प्रत्येक वेळी उलटी, दुसरा पावडरचा डबा, आणि छत्तिसाव्या दिवशी आमच्याकडे आलं तेव्हा ३ किलो २६०. पाच दिवसांत १६० ग्रॅम उतरलं होतं. आजी सारखी एकच वाक्य म्हणत होती, "सिस्टर, पोटात काही ठरतच नाही हो, आणि मागतो मात्र सारखा." त्या एका वाक्यात निम्मं निदान होतं.

सावध : प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारी उडत असेल तर वजनाच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. वजन उतरेपर्यंत थांबणं म्हणजे बाळ कोरडं पडेपर्यंत थांबणं.

## टप्पा ५ : पोटावरची लाट

हे प्रत्येक बाळात दिसत नाही, पण दिसलं तर फार उपयोगाचं असतं. बाळाला पाजा, पोट उघडं ठेवून पाठीवर झोपवा आणि खिडकीचा उजेड बाजूने पडेल असं बसा. बेंबीच्या वर, बाळाच्या डाव्या बरगडीखाली गोटीसारखा फुगवटा उठतो आणि हळूहळू उजवीकडे सरकत जातो. तो विरतो, पुन्हा उठतो. बंद दाराशी जठर धडपडत असतं, तेच कातडीखाली दिसतं. अशा दोन-चार लाटांनंतर पुष्कळदा उलटी होते.

मोबाइलवर याचं चित्रीकरण करा, उलटीचंही करा. दवाखान्यात नेमकं त्या दहा मिनिटांत बाळ ओकत नाही आणि "उलटी होते" या दोन शब्दांत गुळणीही बसते आणि पिचकारीही. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत तो घोळ मिटवते.

पोट दाबून गाठ शोधू नका. जाड झालेला पायलोरस ऑलिव्हएवढा हाताला लागतो खरा, पण त्यासाठी सवयीचा हात आणि रिकामं जठर लागतं.

## टप्पा ६ : निघेपर्यंत काय करायचं, काय नाही

बाळ ओकायला लागलं की त्याला कुशीवर वळवा, दूध वाहून जाऊ द्या, मग तोंड आणि नाक पुसा. तोंडात बोट घालू नका, उलटं धरून पाठीवर थापट्या मारू नका. झोपवताना मात्र पाठीवरच झोपवा. उलटीच्या भीतीने पालथं झोपवणं जास्त धोक्याचं आहे.

अंगावरचं दूध बंद करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबवा. साखरपाणी, नुसतं पाणी, डाळीचं पाणी देऊ नका. या बाळाच्या शरीरातून पाण्यासोबत क्षारही गेलेले असतात, आणि नुसत्या पाण्याने उरलेले क्षार आणखी पातळ होतात. उलटी थांबवणारं औषध दुकानातून आणून देऊ नका. दाराला कडी लागलेली आहे, ती औषधाने उघडत नाही. दूध बदलणंही इथे कामाचं नाही. आईच्या खाण्याचा तर या आजाराशी काहीच संबंध नाही, तिला पोटभर जेवू द्या.

दवाखान्यात तीन गोष्टी न विचारता सांगा. आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाचं तान्हेपणी असं ऑपरेशन झालं होतं का? बाळाला पहिल्या आठवड्यांत अॅझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं होतं का? (या औषधांनंतर हा आजार जास्त आढळतो.) शेवटचा लंगोट कधी ओला झाला? सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर मोफत उपचार होतात. तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत बाळाला घरी ठेवू नका.

## टप्पा ७ : सोनोग्राफी, आणि "नॉर्मल"चा अर्थ

पोटाच्या सोनोग्राफीत पायलोरसच्या स्नायूची जाडी आणि त्या नळीची लांबी मोजतात. जाडी ३ मिलीमीटर किंवा जास्त आणि लांबी १५ मिलीमीटरच्या पुढे असेल तर निदान पक्कं धरतात. वर सांगितलेल्या बाळाची जाडी ४.८ आणि लांबी १९ होती. लहान मुलांची सोनोग्राफी नेहमी करणारे डॉक्टर मिळाले तर तिथेच जा.

फार होणारी चूक : उलटी सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेली सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते, कारण स्नायू अजून पुरेसा जाड झालेला नसतो. तो कागद फाइलला लागतो आणि पुढचे दहा दिवस "सोनोग्राफी तर नॉर्मल आहे" म्हणत सगळे उलट्या बघत राहतात. उलटी वाढत असेल तर एक-दोन दिवसांत परत दाखवा आणि "पुन्हा करायची का?" असं स्पष्ट विचारा.

सोबत रक्तातले क्षारही तपासतात. जठरातलं आम्ल सतत बाहेर गेल्यामुळे रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम उतरतं आणि रक्त अल्कलीकडे झुकतं. त्या बाळाचं क्लोराइड ८४ होतं, ते १०० च्या आसपास हवं. उलटीची दुसरी कारणंही याच तपासणीत वेगळी पडतात. अॅड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात दोषात दोन-तीन आठवड्यांचं बाळ असंच ओकतं आणि सुकतं, पण त्याचं पोटॅशियम वाढलेलं असतं.

## टप्पा ८ : ऑपरेशन आज का नाही?

निदान झालं की नातेवाइकांची घाई सुरू होते. "मग आत्ताच करा ना, कशाला उपाशी ठेवलंय?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि त्यामागची तळमळ मला कळते. पण इथे आधी सलाइन, मग सुरी हाच क्रम आहे. रक्त अल्कलीकडे झुकलेलं असताना मेंदूकडून श्वासाला मिळणारी चालना मंद होते. त्या अवस्थेत भूल दिली तर ऑपरेशननंतर बाळाचा श्वास थांबू शकतो. म्हणून शिरेतून मीठ आणि ग्लुकोजचं सलाइन देतात, लघवी सुरू झाली की त्यात पोटॅशियम घालतात आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. याला एक-दोन दिवस लागतात. आमच्या त्या बाळाला ३६ तास लागले. पायलोरिक स्टेनोसिसमध्ये त्या वेळेने नुकसान होत नाही, घाईने होतं.

या काळात बाळाचं तोंडावाटे सगळं बंद असतं. आईने दर तीन तासांनी दूध पिळून काढत राहावं, नाहीतर बाळ प्यायला तयार होईल तेव्हा दूध आटलेलं असेल. बाळ चोखण्यासाठी रडेल, तेव्हा त्याला छातीशी घेऊन बसा.

## टप्पा ९ : ऑपरेशन आणि नंतरचे दिवस

ऑपरेशनचं नाव पायलोरोमायोटॉमी. १९१२ मध्ये जर्मन सर्जन रामस्टेट यांनी मांडलेली पद्धत आजही तीच आहे. जाड स्नायूला लांबीच्या दिशेने चीर देऊन तो फाकवतात आणि आतलं अस्तर तसंच अखंड ठेवतात. काहीही कापून काढत नाहीत. पोट उघडून किंवा दुर्बिणीतून, दोन्ही प्रकारे होतं.

काही तासांतच थोडं थोडं दूध सुरू करतात. आणि बाळ पुन्हा ओकतं! इथे घरचे खचतात. पहिल्या एक-दोन दिवसांतली उलटी बहुतेक बाळांना होते. जठराला सूज असते, ती उतरायला वेळ लागतो. त्यामुळे दूध बंद न करता थोडं थांबून पुन्हा देतात. बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत पूर्ण दुधावर येऊन घरी जातात.

घरी गेल्यावर परत आणा जर : ताप आला, पोट फुगलं, टाके लाल झाले किंवा त्यातून पाणी आलं, अथवा पाच दिवसांनंतरही प्रत्येक वेळी पिचकारी उडत असेल. स्नायूची चीर क्वचित अपुरी राहते, ती पुन्हा करावी लागते.

घरी वेगळं पथ्य नाही. अंगावर पाजा, ढेकर काढा. आठवड्याने त्याच काट्यावर वजन करा. ते बाळ आठव्या दिवशी टाके दाखवायला आलं तेव्हा ३ किलो ५६० भरलं होतं. काट्यावरून उचलता उचलता त्याने आजीच्या खांद्यावर थोडं दूध काढलं आणि ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. दूध ओठाच्या कडेने ओघळलं होतं, बाळ मूठ चोखत इकडेतिकडे बघत होतं. मी म्हटलं, "आजी, ही गुळणी."